कंसातली अक्षरे : झिजलेला शिलालेख छायाचित्रावरून कसा वाचतात

अलिबागजवळच्या अक्षी गावातला शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. दगडाच्या माथ्यावर चंद्र-सूर्य, त्याखाली नागरी लिपीतल्या काही ओळी आणि पायथ्याशी गधेगाळाची शिवी, अशी त्याची मांडणी आहे. कोकणचा राजा केसीदेवराय, त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई आणि महालक्ष्मीसाठी दिलेले धान्य यांचा उल्लेख त्यात येतो. शं. गो. तुळपुळे यांनी त्यातला शक ९३४ असा वाचला. तो मान्य केला, तर लेख इ. स. १०१२ चा ठरतो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या शके ९४० च्या लेखाच्याही आधी जातो. काही अभ्यासक मात्र तो दुसऱ्या केशिदेवाचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात. दोन मतांत सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते तीन-चार आकडे व एका संवत्सराचे नाव कसे वाचायचे यावर अवलंबून आहे.

अशा लेखाचे वाचन कागदावर उतरवताना लिहिणाऱ्यापुढे दोन कामे असतात. दगडावर काय दिसते ते लिहायचे, आणि काय दिसत नाही हेही लिहायचे. पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत येईपर्यंत दुसरे काम बहुधा गळून पडते. दिसलेले अक्षर, अर्धवट दिसलेले अक्षर आणि तर्काने भरलेले अक्षर अशी तिन्ही एकाच ठशात छापली जातात. मग शंभर वर्षांनी वाद उभा राहिला, तर कोणत्या अक्षरामागे दगडाचा पुरावा आहे आणि कोणत्या अक्षरामागे फक्त वाचणाऱ्याचा अंदाज आहे हे कळायला मार्ग उरत नाही. हा मार्ग उघडा राहावा म्हणून कोरीव लेखांच्या अभ्यासकांनी कंसांची एक ठरलेली पद्धत वापरात आणली.

आधी छायाचित्र, मग अक्षरे

वाचनाला बसण्याआधी छायाचित्राचीच तपासणी करावी लागते. कोरलेले अक्षर म्हणजे दगडातली चर. ती डोळ्याला दिसते ती रंगामुळे नव्हे, तर तिच्या एका काठावर पडलेल्या सावलीमुळे. भर दुपारी समोरून ऊन पडलेल्या दगडाच्या छायाचित्रात सावलीच नसते, म्हणून चांगली खोल अक्षरेही सपाट दिसतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर आले की तीच अक्षरे उठून दिसतात. अंधारात विजेरी बाजूला धरून घेतलेले छायाचित्र याहूनही उपयोगी पडते.

पण तिरक्या प्रकाशालाही एक मर्यादा आहे. प्रकाश डावीकडून आला, तर उभ्या रेघांच्या चरीत सावली पडते. आडव्या रेघा प्रकाशाच्या दिशेनेच जात असल्याने पुसट होतात. म्हणजे काना स्पष्ट दिसतो आणि शिरोरेषा नाहीशी होते. प्रकाश वरून आला की उलट घडते. म्हणून एकाच छायाचित्रावरून केलेले वाचन कच्चे समजतात. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून अशी किमान चार छायाचित्रे कॅमेरा न हलवता घेतली, तर एकात हरवलेली रेघ दुसऱ्यात सापडते. २००१ साली अमेरिकेत टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कल्पनेचा पुढचा टप्पा मांडला. अनेक दिशांनी प्रकाश टाकून घेतलेली छायाचित्रे संगणकात एकत्र केली, की पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरवून अक्षरे पाहता येतात.

दुसरी फसगत डोळ्याची आहे. माणसाचा मेंदू प्रकाश वरून येतो असे गृहीत धरतो. छायाचित्रात तो खालून आलेला असेल, तर कोरलेली अक्षरे उठावाची भासतात, आणि चर कोणती व तिचा काठ कोणता यात गोंधळ होतो. असे वाटले की चित्र उलटे करून पाहावे. खोली पुन्हा जागेवर येते.

तिसरी फसगत माणसांनी केलेली असते. अक्षरे नीट दिसावीत म्हणून चरींत खडू, पीठ किंवा पांढरा रंग भरण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. असे छायाचित्र फार सुवाच्य दिसते, पण ते दगडाचे छायाचित्र नसते. रंग भरणाऱ्याला जिथे जे अक्षर दिसले, तिथे ते त्याने रंगवलेले असते. एखादा ओरखडा मात्रा झालेला असतो आणि खरी वेलांटी सुटलेली असते. रंगवलेल्या लेखाचे वाचन करताना ते दुसऱ्याच्या वाचनाचे वाचन आहे, ही नोंद पहिल्याच ओळीत यायला हवी. शेंदूर आणि तेलाचे थर, चुन्याचा हात, दगडावर वाढलेले दगडफूल यांचीही जागा अशीच नोंदवतात, कारण थराखालचे अक्षर झिजलेले नसते, झाकलेले असते. थर निघाला तर ते वाचता येईल. झिजलेल्या अक्षराबाबत ती आशा नसते.

झीज कुठली, खोड दगडाची कुठली

महाराष्ट्रातले बहुतेक शिलालेख काळ्या बेसाल्ट दगडावर आहेत. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंचे बुडबुडे राहून या दगडात गोल खळगे पडतात. दगड ताशीव आणि चांगल्या प्रतीचा असला, तरी असे काही खळगे उरतातच. मराठी लेखाच्या वाचकाची खरी परीक्षा इथे होते, कारण नागरी लिपीत नुसता ठिपका हाही अर्थाचा भाग असतो. अक्षरावर पडलेला खळगा अनुस्वार होऊन बसतो. ओळीत एकाखाली एक दोन खळगे आले, तर विसर्ग किंवा विरामचिन्ह दिसू लागते.

खरा अनुस्वार ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. छिन्नीच्या टोकाने केलेल्या ठिपक्याचा तळ निमुळता असतो आणि त्याच हाताने केलेले बाकीचे ठिपके साधारण त्याच आकाराचे व शिरोरेषेपासून तेवढ्याच अंतरावर असतात. बुडबुड्याचा खळगा गोलसर, गुळगुळीत तळाचा असतो, आणि तसेच खळगे दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत व लेखाबाहेरच्या दगडावरही आढळतात. म्हणून छायाचित्र फक्त अक्षरांपुरते कापून घेणे ही चूक ठरते. अक्षरांच्या भोवतीचा कोरा दगड दिसल्याशिवाय त्या दगडाची खोड कोणती आणि कारागिराची खूण कोणती हे ठरवता येत नाही.

झीजही एका जातीची नसते. पावसाने झिजलेल्या अक्षराच्या कडा सगळीकडून सारख्या गोल होतात, आणि चर उथळ झाली तरी रेघेचा मार्ग टिकतो. टवका उडाला की मात्र अक्षराचा तुकडाच जातो आणि तुटीची कड धारदार दिसते. स्पर्शाने झालेली झीज तिसऱ्या प्रकारची. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्याऐंशीचा लेख याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. शके ११९५ ते ११९९ या काळातल्या देणग्यांची नोंद असलेल्या या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशा श्रद्धेने पिढ्यान्पिढ्या भाविकांच्या पाठी त्याला लागल्या. अशी झीज दगडभर सारखी नसते. माणसाच्या पाठीच्या उंचीवर ती सर्वांत जास्त असते, आणि कडेची व खालची अक्षरे तुलनेने वाचतात. झीज कशाची आहे हे कळले, की पुसट भागात काही उरलेले असण्याची शक्यता किती हे ठरवता येते. पावसाने झिजलेल्या ओळीत तिरक्या प्रकाशात पुन्हा शोधण्यात अर्थ असतो. टवका उडालेल्या जागी नसतो.

कंसांची भाषा

भारतीय कोरीव लेखांच्या प्रकाशनात, विशेषतः ‘एपिग्राफिया इंडिका’ या सरकारी मालिकेमुळे, जी पद्धत रुळली तिच्यात मोजकी चिन्हे आहेत. अक्षर झिजलेले आहे, पण त्याचा काही भाग दिसतो आणि त्यावरून ते ओळखले आहे, असे असेल तर ते चौकोनी कंसात येते : [क]. अक्षर दगडावर मुळीच नाही, पण अर्थासाठी किंवा ठरलेल्या वाक्यरचनेवरून ते वाचकाने भरले आहे, असे असेल तर चौकोनी कंसातच त्याला तारका जोडतात : [क*]. दगडावर अक्षर स्पष्ट आहे, पण कारागिराने ते चुकीचे किंवा वेगळे लिहिले आहे, तर दगडावरचे तसेच ठेवून शुद्ध रूप पुढे गोल कंसात देतात : स्री(श्री). वाचन संशयास्पद असेल, तर पुढे कंसात प्रश्नचिन्ह येते. अक्षरे गेली आहेत पण जागेवरून ती किती होती हे मोजता येते, तेव्हा प्रत्येक अक्षरामागे एक टिंब देतात. किती गेली हेच कळत नसेल, तर तुटक रेघा. प्रत्येक प्रकाशनात बारीकसारीक फरक असतात, म्हणून वापरलेल्या चिन्हांची किल्ली वाचनाच्या सुरुवातीला द्यावी लागते.

युरोपात ग्रीक आणि लॅटिन लेखांसाठी १९३१ साली हॉलंडमधल्या लायडेन येथे वेगळी पद्धत ठरली. तिच्यात संशयित अक्षराखाली एक टिंब देतात. ही सोय देवनागरीला परवडत नाही. अक्षराखालचे टिंब देवनागरीत नुक्ता म्हणून आधीच वापरात आहे, आणि रोमन लिपीत संस्कृत लिहिताना ट, ड, ण यांच्यासाठीही खाली टिंब देतात. शंकेचे टिंब आणि अक्षराचे टिंब एकत्र आले, तर वाचणाऱ्याला कोणते कशाचे ते कळणार नाही. त्यामुळे भारतीय लेखांत शंका दाखवायला चौकोनी कंसच सोयीचा ठरतो.

या पद्धतीत सर्वांत जास्त गल्लत होते ती पहिल्या दोन चिन्हांत. [क] म्हणजे ‘मला थोडे दिसले’, आणि [क*] म्हणजे ‘मला काहीच दिसले नाही, पण इथे हेच असणार’. तारका गळाली की अंदाजाला पुराव्याचा दर्जा मिळतो. नकलेतून नक्कल होत जाते तेव्हा आधी तारका गळते, मग कंस गळतात, आणि शेवटी अक्षर दगडावर कोरल्यासारखे छापले जाते.

अक्षीच्या ओळी उतरवताना

अक्षीच्या लेखाच्या छापील वाचनाची सुरुवात साधारण अशी आहे : ‘गीं सुष संतु । स्वस्ति ओं । पसीमसमुद्राधीपती । स्री कोंकणा चक्रीवर्ती । स्री केसीदेवराय’. या काही शब्दांतच उतरवण्याच्या पद्धतीचे बहुतेक प्रश्न येऊन जातात. छायाचित्र समोर असताना प्रत्यक्ष कुठल्या अक्षराला कंस पडेल हे त्या छायाचित्रावर ठरते. इथे पाहायचे आहे ते प्रत्येक प्रश्न कसा हाताळायचा एवढेच.

पहिलाच शब्द ‘गीं’. मराठीत असा सुटा शब्द अर्थ देत नाही. या लेखाच्या भाषांतरात मात्र ‘जगात सुख नांदो’ असे वाक्य येते, म्हणजे भाषांतर करणाऱ्याने ‘जगीं’ असा शब्द धरला आहे. दगडावर ‘ज’चा काहीच अंश दिसत नसेल, तर तो [ज*]गीं असा लिहायला हवा. ‘ज’ची एखादी रेघ दिसत असेल, तर [ज]गीं. अर्थ दोन्हींत एकच, पण पहिल्यात ‘ज’ वाचकाचा आहे आणि दुसऱ्यात दगडाचा.

पुढचा ‘सुष’ म्हणजे ‘सुख’. जुन्या मराठी लेखनात ‘ख’च्या जागी ‘ष’ नेहमी येतो, म्हणून ही कारागिराची चूक नव्हे. ती त्या काळची रीत होती. उतरवताना ‘सुष’ असेच ठेवतात आणि हवे तर सुष(ख) असे स्पष्ट करतात. ‘पसीम’, ‘स्री’ आणि ‘चक्रीवर्ती’ यांचेही तसेच. ‘पश्चिम’, ‘श्री’ आणि ‘चक्रवर्ती’ अशी शुद्ध रूपे थेट लिहून टाकली, तर वाचन देखणे होते, पण हजार वर्षांपूर्वीच्या कोकणात ‘श’ आणि ‘स’ यांचा उच्चार कसा होत होता याचा पुरावा पुसला जातो. दगडाने जे केले नाही ते नुकसान उतरवणारा करतो.

‘पसीमसमुद्राधीपती’ हा शब्द काही छापील वाचनांत ‘पसीमस-मुद्राधीपती’ असा मधे रेघ देऊन दिलेला दिसतो. ओळ शब्दाच्या पोटात तुटली की अशी रेघ देतात. जुने कारागीर शब्द संपण्याची वाट पाहत नसत. दगडाची कड आली की ओळ संपे आणि उरलेला शब्द खालच्या ओळीत जाई. ओळ ‘मुद्राधीपती’पासून सुरू होते असे धरणाऱ्याला तिथे राजमुद्रेचा अधिकारी दिसू लागेल. म्हणून उतरवताना दगडावरची प्रत्येक ओळ स्वतंत्र ओळ म्हणून, तिच्या क्रमांकासह लिहितात. शब्द जोडण्याचे काम नंतरच्या, सलग पाठात होते. ओळींचे क्रमांक असले की ‘चौथ्या ओळीतले सातवे अक्षर’ असे बोट ठेवून वाद घालता येतो. नसले, तर वाद करायलाही जागा सापडत नाही.

लेखाचा शेवट आणखी एक मुद्दा दाखवतो. छापील वाचन महालक्ष्मीच्या उल्लेखानंतर काही शब्दांनी ‘ज’ या अक्षरापाशी तुटते. त्यापुढे काय होते? चंद्र-सूर्य आणि गधेगाळ असलेल्या दगडांवर शेवटी बहुधा शापाचे वाक्य येते : जो कोणी हे दान मोडील त्याला अमुक शिवी. ‘ज’ पाहून ‘जो’ भरण्याचा मोह होतो, कारण तसे म्हटले की वाक्य सुरू होते आणि खालच्या चित्राशी जुळतेही. पण ‘ज’पासून मराठीत पुष्कळ शब्द सुरू होतात. इथे उतरवणाऱ्याने ‘ज - - -’ एवढेच लिहून थांबावे आणि शापवाक्याची शक्यता टीपेत मांडावी. ठरलेल्या साच्यातले वाक्य तारकेसह भरायचे, तर त्याचे निदान तीन-चार अक्षरांचे अवशेष योग्य जागी दिसायला हवेत. एका अक्षरावर वाक्य उभे करता येत नाही.

एक रेघ, दोन वाचने

यादवकालीन आणि त्याआधीच्या नागरीत ‘ए’ची मात्रा बहुधा अक्षराच्या डोक्यावर नसे. ती अक्षराच्या आधी, डावीकडे उभ्या रेघेच्या रूपात येई. तिला पडिमात्रा किंवा पृष्ठमात्रा म्हणतात. म्हणजे ‘मे’ लिहायचे तर आधी उभी रेघ आणि मग ‘म’. आता ‘व’ आणि ‘म’ यांच्या मधे एक उभी रेघ दिसली, तर ती ‘व’चा काना असू शकते किंवा ‘म’ची पडिमात्रा. पहिल्या पक्षी ‘वाम’, दुसऱ्या पक्षी ‘वमे’. रेघ दोन अक्षरांच्या बरोबर मधे आणि खालून झिजलेली असेल, तर तिसरी शक्यताही उरते : ती नुसता दंड असेल, वाक्य संपल्याची खूण.

इथे लेख स्वतःच साक्षीला घेता येतो. त्याच दगडावर स्पष्ट असलेले ‘का’, ‘रा’ असे पाच-सहा काने मोजावेत, मग स्पष्ट असलेल्या चार पडिमात्रा मोजाव्यात. कारागिराच्या हातात काना अक्षराला चिकटून पूर्ण उंचीचा येतो की थोडा आखूड, पडिमात्रेचे टोक वळलेले असते की सरळ, हे कळते. शंकास्पद रेघ या दोहोंपैकी कोणाशी जुळते ते पाहायचे. जुळले, तर अक्षर चौकोनी कंसात. न जुळले, तर एक वाचन पाठात आणि दुसरे टीपेत : ‘ओळ ३ : [वा]म, किंवा [वमे]’. पुसट ‘च’ आणि ‘व’, ‘प’ आणि ‘य’, ‘म’ आणि ‘स’, शिवाय शिरोरेषा नसलेला ‘ध’ आणि ‘व’ यांच्याबाबतही हेच करतात. यासाठी अनुभवी वाचक आधी त्या दगडाचीच वर्णमाला तयार करतात. छायाचित्रातून स्पष्ट ‘क’, स्पष्ट ‘च’, स्पष्ट ‘व’ कापून एका पानावर लावतात आणि पुसट अक्षर त्या पानाशी ताडून पाहतात. पुस्तकातल्या लिपीच्या तक्त्यापेक्षा हे पान जास्त खरे असते, कारण ते त्याच हाताचे असते.

नागरीत कंस घालताना आणखी एक नाजूकपणा लागतो. ‘की’ या अक्षरात ‘क’ स्पष्ट आणि वेलांटी पुसट असू शकते. पूर्ण [की] कंसात टाकले, तर ‘क’बद्दलही शंका आहे असे वाटेल. म्हणून टीपेत ‘क स्पष्ट, वेलांटी दीर्घ असावी’ असे वेगळे लिहितात. जुन्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आजच्यासारखे पाळलेले नसल्याने ‘असावी’ एवढ्यावरच थांबणे बरे.

तारखेची परीक्षा

अक्षीच्या लेखातला मजकूर ‘सकु संवतु ९३४ प्रधावी सवसरे’ असा वाचला गेला आहे. जुन्या लेखांत शकाच्या आकड्याबरोबर संवत्सराचे नाव येते ही वाचकाला मिळालेली मोठी मदत आहे, कारण एकच वर्ष दोन वेगळ्या रीतींनी सांगितलेले असते आणि एक दुसऱ्याला तपासते. साठ संवत्सरांचे चक्र प्रभवपासून सुरू होते. दक्षिणेकडच्या गणनेत शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले, की बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६; ६० ने भागल्यावर बाकी उरते ४६. प्रभवपासून सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी. दगडावरचा ‘प्रधावी’ म्हणजे हाच असे धरले, तर आकडा आणि नाव जुळतात.

आता दुसरे मत तपासता येते. लेख दुसऱ्या केशिदेवाचा असेल, तर शक साधारण ११२२ ते ११६२ यांच्या दरम्यानचा हवा. या चाळीस वर्षांत परिधावी संवत्सर येतच नाही. तो शके १११४ ला येऊन गेलेला असतो आणि पुन्हा ११७४ ला येतो. म्हणजे तेराव्या शतकाच्या बाजूने बोलणाऱ्याला आकडे वेगळे वाचून भागत नाही. ‘प्रधावी’ हे नावही वेगळे वाचावे लागते. ‘प्र’पासून सुरू होणारी नावे त्या काळात आहेत. प्रभव शके ११२९ ला, प्रमोद ११३२ ला, प्रजापती ११३३ ला आणि प्रमाथी ११४१ ला येतो.

सगळा निकाल आता दोन अक्षरांवर येतो. ‘प्र’ दोन्ही पक्षांना चालतो. ‘धावी’ दगडावर स्पष्ट असेल, तर तेरावे शतक बाद होते. ती अक्षरे प्र[धावी] अशी पुसट असतील, तर उरलेल्या रेघा ‘धावी’शी किती आणि ‘मोद’शी किती जुळतात हे मोजावे लागेल. आणि ती प्र[धावी*] अशी तर्काने भरलेली असतील, तर संवत्सराची परीक्षा निरुपयोगी ठरते. आकडा ९३४ वाचला म्हणून नाव परिधावी भरायचे आणि नाव परिधावी आहे म्हणून आकडा ९३४ खरा मानायचा, हे फिरून जागेवर येणे झाले. नाव आकड्याकडे न पाहता वाचले होते की आकड्यावरून, हे फक्त कंसच सांगू शकतात. छापील वाचनातून कंस काढून टाकले, तर पुढच्या अभ्यासकाला प्रश्नाचे उत्तर तर मिळत नाहीच, प्रश्न कुठे आहे हेही दिसत नाही.

राजाचे नाव या वादात फार मदत करत नाही. शिलाहारांत केशिदेव दोन झाले. पहिला म्हणजे अरिकेसरी. त्याचा ठाण्याला सापडलेला ताम्रपट शके ९३९ चा आहे, म्हणजे ९३४ पासून पाचच वर्षे पुढचा. दुसरा तेराव्या शतकातला. नाव दोघांना लागू पडते, म्हणून तारीख वाचण्याचा भार पुन्हा दगडावरच येतो.

आकडे वाचतानाही शब्दांइतकीच सावधगिरी लागते, किंबहुना जास्त. शब्दातले एक अक्षर गेले तर शेजारची अक्षरे त्याला सावरतात. ‘केसी·वराय’मध्ये काय गेले हे कळते. आकड्याला शेजार नसतो. ९ नंतर कोणताही आकडा येऊ शकतो. म्हणून आकड्यांचे छायाचित्र वेगळे, जवळून आणि निदान चार दिशांच्या प्रकाशात घेतात, आणि त्या लेखात दुसरीकडे आकडे असतील तर त्यांच्याशी ताडून पाहतात. प्रत्येक आकड्याला स्वतंत्र कंस लागतो. [९]३४ आणि ९३[४] यांतली शंका वेगवेगळी आहे. पहिलीत शतक डळमळते, दुसरीत फक्त वर्ष.

वाचन पूर्ण कधी मानावे

उतरवण्याचे काम एका बैठकीत संपवत नाहीत. पहिल्या फेरीत जे स्पष्ट आहे तेवढेच लिहितात आणि बाकी टिंबे ठेवतात. दुसऱ्या फेरीत त्या दगडाच्या वर्णमालेशी ताडून पुसट अक्षरे भरतात. तिसऱ्या फेरीत अर्थ पाहतात. हा क्रम उलटा झाला, म्हणजे अर्थ आधी ठरला, की डोळा तोच अर्थ दगडावर पाहू लागतो. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून पहिल्याचे वाचन न दाखवता स्वतंत्र वाचन करून घेतात. दोघांचे जिथे जुळते तिथे कंस सैल होतात, जिथे जुळत नाही तिथे दोन्ही वाचने टीपेत येतात.

छायाचित्राची एक मर्यादा शेवटपर्यंत राहते. चर किती खोल आहे हे बोटाला कळते, छायाचित्राला अर्धेच कळते. ओल्या कागदाचा ठसा घेतला, तर कागद चरीत उतरतो आणि सावलीच्या फसगतीतून सुटका होते. पण ठशातही खळगे आणि ओरखडे पांढरेच उमटतात. त्यामुळे शंकेची अक्षरे दगडापाशी जाऊन पुन्हा पाहणे हा शेवटचा टप्पा. तिथे जाताना बरोबर न्यायची ती फक्त कंसातल्या अक्षरांची यादी.

पूर्ण झालेल्या वाचनाबरोबर पाच गोष्टी असाव्या लागतात : छायाचित्र कधी व कोणत्या दिशेच्या प्रकाशात घेतले, दगडावर रंग किंवा थर होता का, चिन्हांची किल्ली, ओळीवार पाठ, आणि पर्यायी वाचनांच्या टीपा. त्यानंतर सलग पाठ आणि अर्थ. यांतला ओळीवार पाठ कंसांसह कुठे तरी जतन झाला असेल, तर सलग पाठात कंस वगळायला हरकत नाही. तो जतन झालेला नसेल, तर सलग पाठ कितीही सुबक दिसला तरी त्यातल्या शकाच्या आकड्यावर इतिहास लिहू नये.